पाकिटावरचे ५२ ग्रॅम आणि ताटातले १५

*मी ५४ वर्षांची आहे, वजन ५८ किलो. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. चार वर्षांपूर्वी माझी पाळी थांबली. अलीकडच्या तपासणीत हाडांची घनता कमी होऊ लागल्याचे आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडे वाढल्याचे निघाले. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते. "प्रथिने आणि कॅल्शियम वाढवा" असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी आठवड्यातून चार-पाच दिवस पनीर करते. जिमला जाणारा मुलगा म्हणतो की पनीरमध्ये १८ ग्रॅम प्रथिने आणि सोया चंक्समध्ये ५२, मग पनीर कशाला? मुलगी म्हणते की चंक्स कारखान्यात बनतात, ते शरीराला बरे नाहीत, त्यापेक्षा टोफू आण. टोफूची चव मला आवडत नाही, पण तोच सर्वांत चांगला असेल तर खाईन. तिन्हींपैकी एकच काय ते सांगा.*

*— एक वाचक, नाशिक*

ताई, तुमच्या मुलाने सांगितलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र ते एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे नाहीत. पनीरच्या १०० ग्रॅमच्या तुकड्यात निम्म्याहून अधिक पाणी असते आणि तो आपण तसाच खातो. चंक्सच्या पाकिटावरचे ५२ ग्रॅम हे कोरड्या चंक्सचे आहेत, आणि कोरडे चंक्स कोणी खात नाही. गरम पाण्यात भिजवून पिळल्यावर त्यांचे वजन अडीच ते तीन पट होते. म्हणजे कोरड्या १०० ग्रॅमचे साधारण २५० ते ३०० ग्रॅम होतात आणि तेच ५२ ग्रॅम त्या सगळ्यात विखुरतात. भिजलेल्या, भाजीत पडलेल्या १०० ग्रॅम चंक्समध्ये प्रथिने १७ ते २० ग्रॅमच्या आसपास उरतात. ताटात पोहोचेपर्यंत पनीर आणि चंक्स प्रथिनांच्या बाबतीत जवळजवळ बरोबरीला आलेले असतात.

म्हणून पाकिटावरचे "१०० ग्रॅममागे" हे परिमाण थोडा वेळ बाजूला ठेवून उलट बाजूने विचार करू. तुम्हाला या पदार्थाकडून किती प्रथिने हवी आहेत? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तुमच्या ५८ किलोंना ती ४८ ग्रॅम होतात. आपली बरीचशी प्रथिने पोळी-भात आणि डाळींतून येतात आणि ती दुधाच्या प्रथिनांइतकी पूर्ण वापरली जात नाहीत, शिवाय तुमच्या वयात स्नायू टिकवायचे असतात, म्हणून किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम, हे लक्ष्य मी धरते. आता नेहमीचे जेवण मोजा. चार पोळ्यांतून बारा-तेरा ग्रॅम, एक वाटी वरणातून सहा-सात, थोड्या भातातून चार, वाटीभर उसळीतून सात आणि दिवसभरातील ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून दहा ग्रॅम मिळतात. बेरीज चाळीसच्या आसपास येते. खड्डा पंधरा-अठरा ग्रॅमचा आहे, बावन्नचा नाही.

पंधरा ग्रॅम प्रथिने मिळवण्यासाठी साधारण ८० ग्रॅम पनीर, किंवा ११० ग्रॅम घट्ट टोफू, किंवा ३० ग्रॅम कोरडे चंक्स लागतात. तिन्हींचा आकार एका माणसाच्या भाजीत सहज सामावणारा आहे. टोफूचा आकडा मात्र कंपनीप्रमाणे बराच बदलतो. आपल्याकडील घट्ट टोफूत १२ ते १६ ग्रॅम प्रथिने आढळतात, तर मऊ, रेशमी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात त्याच्या निम्मीच असतात, कारण उरलेले सगळे पाणी असते. त्यामुळे टोफू घेताना आधी पाकिटावरील प्रथिनांचा आकडा पाहावा. गुणवत्तेच्या बाबतीत दुधाची प्रथिने किंचित वरचढ आहेत, तरी वनस्पतींच्या प्रथिनांमध्ये सोयाबीन त्यांच्या सर्वांत जवळ जाते. ज्या घरात पोळी, डाळ आणि दही रोज आहे, तिथे या फरकाची काळजी करण्याचे कारण नाही.

प्रथिनांवर निकाल लागत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. तुमच्या पत्रातील खरे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात: हाडांसाठी कॅल्शियम वाढवायचे आहे आणि कोलेस्टेरॉलसाठी संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी करायचे आहेत. पनीर पहिल्यासाठी चांगले आणि दुसऱ्यासाठी वाईट, चंक्स नेमके उलट, आणि टोफू कुठे बसेल हे पाकिटावरच्या एका ओळीवर ठरते.

कॅल्शियमपासून सुरुवात करू. पाळी थांबलेल्या स्त्रीसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅमची शिफारस आहे. दूध-दह्यातून तुम्हाला सुमारे ३५० आणि पोळी, डाळी, पालेभाज्या यांतून अडीचशेच्या आसपास मिळत असावेत. उरलेल्या सहाशेपैकी पनीर किती देते? पनीरमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ४७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तुमच्या ८० ग्रॅममधून ३८० मिळतात. ही रक्कम मोठी आहे, परंतु ती पनीर कसे केले यावर अवलंबून असते. दुधातील बरेचसे कॅल्शियम केसीन या प्रथिनाला बांधलेले असते. आम्लता वाढत गेली की ते सुटून पाण्यात विरघळू लागते. एक लिटर गाईच्या दुधात जवळपास १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातून दीडशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघते. वरच्या हिशेबाने त्या पनीरमध्ये सातशेच्या आसपास राहते आणि उरलेले निवळीत जाते. लिंबू किंवा व्हिनेगर गरजेपेक्षा जास्त पडले, तर निवळीचा वाटा आणखी वाढतो आणि पनीरही आंबट, भुसभुशीत होते.

घरी करताना म्हणून दूध उकळल्यावर गॅस बंद करून तीन-चार मिनिटे थांबावे, लिंबाचा रस तितक्याच किंवा दुप्पट पाण्यात मिसळून घ्यावा आणि चमचा-चमचा घालत हळूहळू ढवळावे. गुठळ्यांच्या मधले पाणी दुधाळ पांढरे दिसेपर्यंत काम अपुरे असते. ते हिरवट-पिवळसर आणि स्वच्छ झाले की त्याच क्षणी थांबावे. त्यानंतर पडलेला प्रत्येक थेंब तुमचे कॅल्शियम पाण्यात सोडत असतो. निवळी फेकू नये. पोळीची कणीक तिच्यात मळली किंवा वरणात, कढीत ती घातली, तर त्यातील कॅल्शियम आणि थोडी प्रथिने घरातच राहतात.

टोफूबद्दल तुमच्या मुलीने अर्धी गोष्ट सांगितली आहे. सोयाबीनच्या दुधात मुळात कॅल्शियम फार थोडे असते. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला १२० असते, तर त्यात पंचवीसच्या आसपास. टोफूमध्ये कॅल्शियम येते ते दूध फाडण्यासाठी घातलेल्या क्षारातून. ते क्षार वेगवेगळे असतात. कॅल्शियम सल्फेट वापरले, तर ते टोफूतच अडकून राहते आणि १०० ग्रॅममागे दोनशे ते साडेतीनशे मिलिग्रॅम, काही घट्ट प्रकारांत त्याहूनही अधिक कॅल्शियम मिळते. शरीर ते जवळपास दुधातील कॅल्शियमइतकेच शोषून घेते. जपानी पद्धतीचे निगारी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. त्याने फाडलेला टोफू चवीला उत्तम असतो, पण त्यात कॅल्शियम बरेच कमी असते. रेशमी टोफू बहुधा ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोनने लावतात. त्यातूनही कॅल्शियम मिळत नाही. आणि लिंबू पिळून घरी केलेल्या टोफूत सोयाबीनच्या दुधात होते त्यापलीकडे काहीच नसते.

म्हणून घटकांच्या यादीत "कॅल्शियम सल्फेट" किंवा आयएनएस ५१६ हा त्याचा क्रमांक लिहिलेला शोधा. ५०९ म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, तोही चालेल. फक्त ५११ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड किंवा ५७५ म्हणजे ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन असेल, तर तो टोफू प्रथिनांसाठी घ्यावा, कॅल्शियमच्या हिशेबात धरू नये. एकाच दुकानाच्या एकाच कप्प्यात शेजारी ठेवलेल्या दोन पाकिटांमध्ये कॅल्शियमचा फरक दुपटी-तिपटीचा असू शकतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. हाडांसाठी टोफू आणणाऱ्या प्रत्येकाने ही एक सवय लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण या चुकीने वर्षानुवर्षे चांगल्या हेतूने चुकीचे पाकीट आणले जाते. घरी टोफू करायचा असेल, तर खाद्य दर्जाचे कॅल्शियम सल्फेट मिळते. ते खाद्य दर्जाचे आहे असे स्पष्ट लिहिलेले असल्याखेरीज घेऊ नये. मूर्तीकामाच्या किंवा बांधकामाच्या दुकानातील जिप्समशी त्याचा संबंध जोडू नये.

चंक्सच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलेले असते आणि ते वाचून समाधान वाटते. पण तुम्ही खाणार तीस ग्रॅम, म्हणजे शंभरच मिलिग्रॅम. पुन्हा तेच: कोरड्या वजनाचा आकडा ताटात येताना लहान होतो. लोहाचेही तसेच आहे, आणि तिथे सोयाबीनमधील फायटेट हा लोहाला बांधून ठेवणारा घटक आणखी आडवा येतो. पाकिटावर वीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह लिहिलेले असले, तरी त्यातील फार थोडे रक्तात जाते. वरून लिंबू पिळल्याने थोडी मदत होते. ज्या दिवशी चंक्स, त्या दिवशी जेवणात एक वाटी दही जास्तीचे घ्या आणि एका पोळीऐवजी नाचणीची भाकरी करा. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम होते, आणि नाचणीतील कॅल्शियम थोडे कमी शोषले जाते हे धरले, तरी पनीर न केल्याची तूट बव्हंशी भरून निघते.

आता स्निग्धांश. इथे पनीरबद्दलचा एक समज तपासला पाहिजे. "घरचे पनीर" म्हणजे हलके, असे बहुतेक घरांत मानले जाते. आपल्याकडील नियमाप्रमाणे साध्या पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून जास्त असता कामा नये आणि पाणी वगळून उरलेल्या भागात निम्मा तरी दुधाचा स्निग्धांश हवा. ६० टक्के पाणी धरले, तर उरतात ४० ग्रॅम आणि त्याचा निम्मा म्हणजे २०. बाजारातील नियमात बसणाऱ्या साध्या पनीरच्या १०० ग्रॅममध्ये म्हणून किमान २० ग्रॅम स्निग्धांश असतोच, बहुधा थोडा अधिक. घरी फुल क्रीम दुधाचे पनीर केले, तर हिशेब आणखी वर जातो. त्या दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, एका लिटरमध्ये साठ ग्रॅम. त्यातला जवळजवळ सगळा पनीरमध्ये उतरतो आणि पनीर निघते दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १०० ग्रॅममागे पंचवीस ते अठ्ठावीस ग्रॅम. घरी केल्याने भेसळीची भीती जाते, स्निग्धांश जात नाही.

दुधाच्या स्निग्धांशातील साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो. तुमच्या ८० ग्रॅम साध्या पनीरमधून सोळा ते अठरा ग्रॅम स्निग्धांश आणि त्यातील दहा-अकरा ग्रॅम संपृक्त मिळतो. भाजीची फोडणी, दूध आणि पोळीवरचे तूप यांचा विचार अजून व्हायचाच आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस हे चालले असेल, तर कोलेस्टेरॉलच्या तपासणीत त्याचा वाटा असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. तितक्याच प्रथिनांच्या टोफूत स्निग्धांश आठ ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यातील बहुतेक असंपृक्त असतो. चंक्समध्ये तो जवळजवळ नसतोच, कारण तेल आधीच काढून घेतलेले असते. उष्मांकात पाहिले, तर पंधरा ग्रॅम प्रथिनांसाठी पनीरमधून दोनशेहून अधिक, टोफूतून दीडशेच्या आत आणि चंक्समधून शंभरच्या आसपास येतात. चंक्सचा हा फायदा मात्र कढईत सहज घालवता येतो. भिजवून पिळलेले चंक्स जितक्या तत्परतेने पाणी शोषतात, तितक्याच तत्परतेने तेलही शोषतात, त्यामुळे ते तळून घेण्याची पद्धत सोडावी आणि मसाल्याच्या रश्श्यातच शिजवावेत.

तुम्हाला पनीर आवडते हे पत्रातून जाणवते आणि ते सोडा असे मी सांगणार नाही. त्याऐवजी दूध बदला. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश दीड टक्का असतो, पण प्रथिने आणि कॅल्शियम जवळपास तितकेच राहतात. एका लिटरमधून १३० ते १४० ग्रॅम पनीर निघते आणि त्यात १०० ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅमच स्निग्धांश असतो. त्याचा तोटा पोताचा आहे. मऊपणा स्निग्धांशातून येत असल्यामुळे हे पनीर दाबून वड्या केल्यास रबरासारखे चिवट लागते. म्हणून ते जोर देऊन दाबू नये. कापडात पंधरा-वीस मिनिटे टांगून, मोकळे करून त्याची भुर्जी करावी, पराठ्यात भरावे किंवा पालकात घालावे. चौकोनी तुकड्यांची भाजी हवी असेल, तेव्हा साध्या टोन्ड दुधाचे पनीर करावे, पण त्यात स्निग्धांश १०० ग्रॅममागे वीसच्या जवळ जातो हे लक्षात ठेवून एखाद्या दिवसापुरतेच.

बाहेरून पनीर आणताना पाकिटावर "ॲनालॉग" हा शब्द आहे का ते पाहावे. तो दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पदार्थ असतो, आणि सुट्या पनीरबाबत ते ओळखणे अवघड असते. पाण्यात उकळून थंड केलेल्या तुकड्यावर आयोडीनचे थेंब टाकून निळा रंग येतो का हे पाहण्याची चाचणी फक्त पिष्टाची भेसळ दाखवते, तेलाची नाही.

मुलीच्या आक्षेपाकडे आता येते, कारण तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे. पनीर आणि टोफू करण्याची रीत एकच आहे: दूध तापवायचे, फाडायचे, दाबायचे. दोन्ही कामे घरच्या ओट्यावर होतात. चंक्स घरी करता येत नाहीत. सोयाबीन सोलून, पोहे करून त्यातील तेल हेक्झेन या द्रावकाने काढतात, द्रावक वाफेने उडवून परत मिळवतात, उरलेल्या पेंडीचे पीठ करतात आणि ते पाण्यासह एक्सट्रूडर नावाच्या यंत्रात मोठ्या दाबाखाली, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वर तापवून बारीक तोंडातून बाहेर ढकलतात. बाहेर येताच आतील पाण्याची एकदम वाफ होते आणि तो स्पंजासारखा फुगतो. ब्राझीलमधील संशोधकांनी मांडलेल्या नोवा या वर्गीकरणात पनीर-टोफू "प्रक्रिया केलेले" या गटात येतात, तर अशी यंत्रातून पोत दिलेली सोया प्रथिने बहुधा "अतिप्रक्रियायुक्त" या गटात टाकली जातात. मुलीचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. गटाचे नाव वाचून थांबू नये, त्या प्रक्रियेत काय काढले आणि काय घातले हे विचारावे. साध्या चंक्सच्या पाकिटावर घटकांच्या यादीत एकच गोष्ट असते: तेल काढलेले सोया पीठ. मीठ, साखर, स्वाद, रंग काही नाही. तेल गेल्यामुळे सोयाबीनमधील चांगला स्निग्धांश गेला, हे नुकसान खरे आहे. तीव्र उष्णतेमुळे प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे कच्च्या सोयाबीनमधील घटक निष्क्रिय होतात, हा फायदाही खरा आहे. द्रावकाची भीती वाटत असेल, तर आपल्या स्वयंपाकघरातील रिफाइंड सोयाबीन तेल बहुधा त्याच कारखान्यात त्याच पद्धतीने निघालेले असते, हे ध्यानात घ्यावे. दुकानात जिथे हात आखडता घ्यायचा ते पदार्थ वेगळे आहेत: मसाला लावून तयार विकले जाणारे सोया खिम्याचे पुडे, गोठवलेली कटलेट आणि सोया चाप. चापमध्ये बरेचदा मैद्याचा वाटा मोठा असतो, आणि तयार पुड्यांमध्ये मीठ आणि तेल इतके असते की मूळ चंक्सशी त्यांचा हिशेब जुळत नाही.

चंक्सबाबत एक अडचण मात्र पोटाची आहे. सोयाबीनमधील वायू करणाऱ्या शर्करा टोफू करताना पाण्याबरोबर बऱ्याचशा वाहून जातात. चंक्समध्ये त्या राहतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून, पिळून, गार पाण्यात पुन्हा एकदा धुऊन पिळल्यास वास आणि वायू दोन्ही कमी होतात. ते पाणी भाजीत वापरू नये. सुरुवातीला पंधरा ग्रॅमच कोरडे घ्यावेत आणि दोन-तीन आठवड्यांत तीसपर्यंत न्यावे. कोरड्या चंक्सला खवट वास येत असेल किंवा भिजवल्यावरही मध्ये कडक गाठ राहत असेल, तर ते पाकीट जुने आहे.

थायरॉइडच्या गोळीबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी तुमच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत आधी सांभाळायची आहे. सोयाबीन थायरॉइड बिघडवते म्हणून ते वर्ज्य, असे बऱ्याच जणींना सांगितले जाते. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या व्यक्तीसाठी ते खरे नाही. खरा प्रश्न गोळी शोषली जाण्याचा आहे. सोया पदार्थ, कॅल्शियमच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या या तिन्ही गोष्टी आतड्यात त्या औषधाला अडवतात. म्हणून गोळी उठल्याबरोबर उपाशी पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि सोया किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. नाश्त्याला टोफू भुर्जी तुमच्यासाठी म्हणूनच योग्य नाही, दुपारचे किंवा रात्रीचे जेवण योग्य आहे. आज शून्य असलेले सोयाबीन आठवड्यातून तीन-चार वेळांवर नेणार असाल, तर डॉक्टरांना तसे सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. गरज पडल्यास ते मात्रा बदलतील.

तुमच्या आठवड्याचा विचार मी असा करते. दोन दिवस डबल टोन्ड दुधाचे पनीर, ८० ग्रॅम, भुर्जी किंवा पालकात. दोन दिवस चंक्स, तीस ग्रॅम कोरडे, रस्सा किंवा भातात, आणि त्या दिवशी दही व नाचणी. कॅल्शियम सल्फेटचा टोफू तुम्हाला जमला, तर एक-दोन दिवस. उरलेल्या दिवशी यांपैकी काही नसले तरी चालेल, उसळ दुप्पट करून एक वाटी दही वाढवले की काम होते. अशा आठवड्यात पनीरमधून येणारा स्निग्धांश आजच्या तुलनेत एक पंचमांश ते चौथ्या भागावर येईल आणि कॅल्शियम मात्र फारसे कमी होणार नाही. कोलेस्टेरॉलवर सोयाबीनचा स्वतःचा परिणाम लहान आहे. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिने घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉल तीन-चार टक्क्यांनी उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र पाहता दिसते. तुमचा मोठा फायदा तुपाळ पनीर कमी झाल्याने होईल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली की ते कळेल. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासली नसेल, तर तीही त्याच वेळी तपासा, कारण ते कमी असताना कॅल्शियम आतड्यातून नीट आत जात नाही.

टोफूच्या चवीसाठी एक शेवटचा प्रयत्न करून पाहावा. पाकिटातून काढून थेट भाजीत टाकलेला टोफू पाणचट लागतो. तो स्वच्छ कापडात गुंडाळून वर वजन ठेवून वीस मिनिटे दाबावा, मग उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून निथळावा. कच्च्या सोयाबीनचा वास बराच जातो आणि मसाला आत शिरतो. पनीरच्या जागी पनीरसारखा म्हणून खाल्ला की तो निराशच करतो, मात्र कांदा-टोमॅटोच्या झणझणीत रश्श्यात किंवा कुस्करून मटारबरोबर तो चांगला लागतो. उरलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावा, पाणी रोज बदलावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. बोटाला बुळबुळीत लागला किंवा आंबट वास आला, तर टाकून द्यावा. एवढे करूनही घास घशाखाली उतरत नसेल, तर टोफू आणू नका. तुमच्या गरजा दही, नाचणी, कमी स्निग्धांशाचे पनीर आणि चंक्स यांतून भागतात.

हेच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी हिशेब थोडा वेगळा लागेल. जिमला जाणाऱ्या तुमच्या मुलाची गरज दुप्पट असू शकते आणि त्याने ५० ग्रॅम कोरडे चंक्स खाल्ले तर बिघडत नाही, परंतु सगळी प्रथिने एकाच पदार्थातून मिळवण्याचा आग्रह त्यानेही धरू नये. वाढत्या वयाच्या बारीक मुलांसाठी पनीरमधील स्निग्धांश दोष नाही, त्यांना साध्या दुधाचेच पनीर द्यावे. दूध न पचणाऱ्या बहुतेकांना पनीर थोड्या प्रमाणात चालते, कारण दुधातील बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र ते अजिबात चालत नाही. सोयाची ॲलर्जी असेल, तर टोफू आणि चंक्स दोन्ही वर्ज्य. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी यांतील कोणताही पदार्थ वाढवण्यापूर्वी प्रथिनांची आणि फॉस्फरसची मर्यादा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.